अर्ज क्रमांक 31 : कॉलेजचं नाव झाकून बायोडेटा कसे तपासावेत

जानेवारीत मोहोर धरला की आमच्याकडे दोन धावपळी एकदम सुरू होतात, डब्यांची आणि माणसांची. रत्नागिरीजवळच्या एका आंबा-प्रक्रिया कारखान्यात मी ऑफिस बघते. हंगामासाठी लॅबमध्ये एक क्वालिटी केमिस्ट लागतो. पल्पमधली साखर दाखवणारा ब्रिक्स, पीएच, आम्लता मोजणारा, डब्याची शिवण तपासणारा, आणि रात्री अकराला कॅनिंगचा आंबा भरलेला टेम्पो आला तरी नोंदवही नीट लिहिणारा.

काही वर्षांपूर्वी आम्ही या जागेवर एका नामांकित संस्थेतला मुलगा घेतला. अर्ज उघडला, संस्थेचं नाव वाचलं आणि आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते म्हणाले, "अगो, हा तिथला आहे, याला काय विचारायचं?" काहीच विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्याने ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर हातात घेतला आणि डिस्टिल्ड वॉटरने शून्य न लावताच वाचन लिहून मोकळा झाला. मुलगा हुशार होता, पंधरा दिवसांत शिकला. पण ते पंधरा दिवस ऐन एप्रिलमधले होते. नंतर मी त्याचा बायोडेटा पुन्हा काढून वाचला. हे काम केल्याचं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. जे लिहिलं नव्हतं ते आम्हीच कॉलेजचं नाव वाचून मनात भरलं होतं.

तेव्हापासून अर्ज तपासायची पद्धत बदलली. शाळेतले शिक्षक प्रोजेक्टला गुण देताना रुब्रिक वापरतात, म्हणजे कशाला किती गुण हे आधीच लिहिलेला तक्ता. तसाच तक्ता आम्ही बायोडेटासाठी करतो. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी मागच्या भरतीचं उदाहरण घेऊन सगळं क्रमाने सांगते. त्या वेळी 47 अर्ज आले होते आणि आम्हाला प्रात्यक्षिकाला 8 जण बोलवायचे होते.

पहिला अर्ज उघडण्याआधी तक्ता लिहा

या पायरीला फाटा दिला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. अर्ज वाचून झाल्यावर निकष ठरवायला बसलं की आवडलेल्या माणसाकडे जे आहे तेच महत्त्वाचं वाटायला लागतं. एरिक उल्मन आणि जेफ्री कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पोलीस प्रमुखाच्या जागेसाठी लोकांपुढे दोन उमेदवार ठेवले, एक पुरुष, एक स्त्री. एकाकडे शिक्षण जास्त, दुसऱ्याकडे रस्त्यावरचा अनुभव जास्त. पुरुषाकडे शिक्षण असलं की लोक म्हणत, या कामाला शिक्षण महत्त्वाचं, आणि ते त्याच्याकडे नसलं की शिक्षणाचं महत्त्व कमी होई. उमेदवार बघण्याआधीच निकषांचं महत्त्व ठरवून घेतलं तेव्हा हा पक्षपात नाहीसा झाला. स्त्री-पुरुषाच्या जागी 'मोठं कॉलेज आणि तालुक्याचं कॉलेज' ठेवून बघा, आमचंच ऑफिस दिसेल.

निकष सुचण्यासाठी मी लॅबमध्ये जाऊन बसले आणि उत्पादन बघणाऱ्या काकांना विचारलं, "मागचा केमिस्ट कुठे कमी पडला आणि त्याच्या आधीचा कुठे कामाला आला?" 'चांगला माणूस कसा असतो' असं विचारलं असतं तर काकांनी प्रामाणिक, मेहनती, हुशार असं सांगितलं असतं, आणि बायोडेटात यातलं काहीच मोजता येत नाही. काकांच्या उत्तरांतून चार निकष निघाले. पहिला, लॅबमध्ये स्वतःच्या हाताने केलेली मोजमापं. दुसरा, नोंदी आणि कागदपत्रं. तिसरा, हंगामी किंवा शिफ्टमधलं काम. चौथा, बिघाड शोधणं.

चारच का, तर सुरुवातीला आम्ही नऊ काढले होते. 'संवादकौशल्य' होतं, 'संगणकाचं ज्ञान' होतं, 'टीमवर्क' होतं. बायोडेटा वाचून यांना गुण देताना माणूस अंदाजच करतो, आणि अंदाज करायचा म्हटलं की त्याची नजर पुन्हा कॉलेजच्या नावाकडे वळते. जे कागदावर दिसू शकतं तेवढंच तक्त्यात ठेवा. बाकीचं मुलाखतीत बघता येतं.

गुण 0 ते 3, आणि प्रत्येक गुणाला पुरावा

दहापैकी गुण देऊ नका. दहापैकी म्हटलं की सगळे सहा-सात देतात, आणि सहा का, सात का, हे कुणालाच सांगता येत नाही. चारच पायऱ्या ठेवा आणि कागदावर काय दिसलं की कोणती पायरी द्यायची ते लिहा. आमचा पहिला निकष असा आहे :

0 : ब्रिक्स, पीएच, आम्लता यांपैकी कशाचाच उल्लेख नाही.
1 : उल्लेख आहे, पण 'ज्ञान आहे', 'अभ्यासक्रमात होतं' अशा स्वरूपाचा.
2 : स्वतः मोजल्याचं लिहिलं आहे, कशावर मोजलं तेही आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट असला तरी चालेल.
3 : रोजचं काम म्हणून केलं आहे. किती नमुने किंवा किती काळ ते लिहिलं आहे, आणि उपकरण कसं लावून घेतलं याचा उल्लेख आहे.

यात 'उत्तम', 'साधारण', 'सखोल' असे शब्द नाहीत. माझं सखोल आणि काकांचं सखोल वेगळं असतं. 'किती नमुने ते लिहिलं आहे' हे मात्र दोघांनाही सारखंच दिसतं. 3 च्या पायरीत उपकरणाची गोष्ट मुद्दाम घातली आहे. पीएच मीटर दर सकाळी 4 आणि 7 च्या बफरवर, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणांवर, लावून घेणारा माणूस ते सहज लिहून जातो. ज्याने मीटर फक्त लांबून पाहिला आहे त्याला ते सुचतच नाही.

बाकीच्या तीन निकषांच्या पायऱ्याही अशाच लिहिल्या. बिघाडाच्या निकषात 1 म्हणजे बिघाडाचा नुसता उल्लेख, 2 म्हणजे बिघाड कसा लक्षात आला किंवा त्यावर काय केलं ते लिहिलेलं, आणि 3 म्हणजे उपायानंतर तो खरंच गेला का हे कसं तपासलं तेही लिहिलेलं. पहिल्या निकषाला दुप्पट वजन दिलं, कारण काकांच्या म्हणण्याप्रमाणे बाकीचं महिनाभरात शिकवता येतं, पण हात बसायला हंगाम जातो. एकूण गुण 15 झाले. वजनांचा फार कीस पाडू नका. एका निकषाला दुप्पट, बाकीच्यांना एकेरी, एवढं पुरे. साडेसतरा टक्के आणि साडेबावीस टक्के असली वजनं काढत बसलं की अचूकपणाचा नुसता आव येतो.

तक्ता झाला की त्याची प्रिंट काढा, तारीख घाला, सही करा. भाऊंचीही सही घेतली. ती पुढे कामाला आली.

आधी गाळणी, मग गुण

काही अटी गुणांच्या नसतात, त्या असतात किंवा नसतात. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या परवान्याच्या अटींमध्ये उत्पादनावर देखरेख करणारी एक तांत्रिक व्यक्ती लागते. तिच्याकडे रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अन्न व पोषण किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी असावी, नाहीतर फूड टेक्नॉलॉजीची पदवी किंवा पदविका असावी, आणि ती मान्यताप्राप्त संस्थेची असावी. कायदा 'मान्यताप्राप्त' म्हणतो, 'नामांकित' म्हणत नाही. गाळणीतही तेवढंच ठेवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पदवी असो, मुंबई विद्यापीठाच्या एखाद्या तालुका कॉलेजची असो किंवा परराज्यातली, या चौकटीत 'हो' एवढंच लिहायचं. 47 पैकी 6 अर्ज इथे बाजूला गेले, 41 उरले.

पदवीचे टक्के आम्ही गाळणीतही घेत नाही आणि गुणांतही घेत नाही. एका विद्यापीठाचे 62 टक्के आणि दुसऱ्याचा 8.1 सीजीपीए एका तराजूत बसत नाहीत. बसवायला गेलं की 'त्या कॉलेजचे 62 म्हणजे इथले 75' असं कुणीतरी म्हणतंच.

सगळ्यांना तेच चार प्रश्न

बायोडेटा म्हणजे माणसाने स्वतःची लिहिलेली जाहिरात. ज्याच्या कॉलेजात प्लेसमेंटवाले सर बसवून बायोडेटा लिहून घेतात त्याची जाहिरात चांगली होते. खेडेगावातली मुलगी दोन हंगाम कॅनिंगमध्ये राबलेली असते आणि लिहिते एवढंच : 'अनुभव – 2 वर्षे.' तक्ता कितीही चांगला असला तरी जे लिहिलेलं नाही त्याला शून्यच मिळणार. म्हणजे संस्थेची कीर्ती पुढच्या दाराने घालवली तरी ती लेखनाच्या रूपाने मागच्या दाराने आत येते.

म्हणून गाळणीतून आलेल्या 41 जणांना आम्ही व्हॉट्सॲपवर चार प्रश्न पाठवले, प्रत्येक निकषाला एक. पहिला असा होता : 'ब्रिक्स, पीएच किंवा आम्लता तुम्ही स्वतः मोजली आहे का? कशावर, किती दिवस, आणि उपकरण कसं लावून घेत होता?' उत्तर मराठीत द्या नाहीतर इंग्रजीत, शुद्धलेखनाला गुण नाहीत, प्रत्येकी पाच ओळींपेक्षा जास्त नको, चार दिवसांत द्या. व्हॉइस मेसेज नको म्हणून स्पष्ट सांगितलं, कारण आवाज ऐकला की माणूस मुंबईचा का राजापूरचा ते लगेच कळतं.

फक्त ज्यांचे अर्ज तोकडे वाटतात त्यांनाच विचारायचा मोह होतो. तसं करू नका. कुणाला दुसरी संधी द्यायची हे ठरवतानाही आवडनिवड आत येते. 33 जणांनी उत्तरं दिली. उरलेल्या 8 जणांचे गुण त्यांच्या बायोडेटावरच धरले.

झाकाझाक

हे काम गुण देणाऱ्याने करायचं नाही. आमच्याकडे ते हिशेब बघणाऱ्या ताईंनी केलं. प्रत्येक अर्जाला क्रमांक दिला, क्रमांक आणि नाव यांची यादी स्वतःच्या कपाटात ठेवली, आणि काळ्या मार्करने नाव, फोटो, पत्ता, शाळा-कॉलेज-विद्यापीठाचं नाव आणि टक्के झाकले. आडनाव विसरू नका. कोकणात आडनाव वाचलं की गाव कळतं आणि गाव कळलं की वाडी. आधीच्या कंपनीचं नावही झाकून त्या जागी 'आंबा कॅनिंग', 'मासळी प्रक्रिया', 'औषध कंपनी' असं कामाचं स्वरूप लिहिलं, कारण मोठ्या कंपनीचं नावही कॉलेजसारखंच डोळे दिपवतं.

कुठे कुठे नाव निसटतं तेही सांगते. ईमेलच्या पत्त्यात कॉलेजचं नाव असतं. 'अमुक संस्थेच्या टेक्निकल फेस्टमध्ये दुसरा क्रमांक' अशी ओळ अगदी खाली असते. पीडीएफच्या फाइलच्या नावातही संस्था असते. आणि संगणकावर अक्षरांवर काळी पट्टी ओढली तर खालची अक्षरं पुष्कळदा तशीच राहतात, निवडून कॉपी केली की बाहेर येतात. आम्ही सरळ प्रिंट काढून मार्कर मारतो आणि त्याची झेरॉक्स काढतो, कारण मार्करखालचंही उजेडात धरलं की दिसतं. एका अर्जाला चारेक मिनिटं धरली तर 41 अर्जांना पावणेतीन तास. त्या दिवशी ताईंचा चहा माझ्याकडून होता.

झाकलं तरी सगळं झाकलं जात नाही. मोठ्या संस्थेतल्या मुलांच्या प्रोजेक्टची नावंच वेगळी असतात, आणि माहितगाराला त्यावरून वास येतो. म्हणून झाकणं पुरेसं नाही, तक्ताही हवाच. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर मी तक्ता निवडीन.

अर्जाप्रमाणे नको, निकषाप्रमाणे तपासा

नवीन माणूस पहिला अर्ज घेतो, चारही निकषांचे गुण देतो आणि मग दुसरा उचलतो. त्यात अडचण अशी की पहिल्या निकषात 3 दिले की दुसऱ्यातही हात सैल सुटतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या अगदी वेगळ्या गोष्टींचे गुण एकमेकांना चिकटून वर-खाली होताना दिसले. एका गोष्टीचं तेज बाकीच्या गोष्टींवर पडतं.

आम्ही 41 च्या 41 अर्जांतला फक्त पहिला निकष तपासतो. मग गठ्ठा पत्त्यांसारखा पिसतो आणि सगळ्यांचा दुसरा निकष घेतो. आधीचे गुण समोर ठेवायचे नाहीत. गंमत म्हणजे याने काम लवकर होतं, कारण डोळ्यांना एकच गोष्ट शोधायची असते. प्रत्येक गुणाशेजारी तो ज्या ओळीमुळे दिला ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा. ओळ सापडत नसेल तर तो गुण तुमच्या मनातून आला आहे.

तपासणारे दोघे हवेत, आणि त्यांनी एकमेकांचे गुण बघायचे नाहीत. आमच्यात मी आणि काका. सुरुवातीला पाचच अर्ज दोघांनी तपासले आणि मग शेजारी बसून ताडून पाहिले. तिसऱ्या निकषात पाचपैकी तीन ठिकाणी आमचं जमलं नाही. काका मासळीच्या कंपनीतल्या रात्रपाळीला 2 देत होते, मी 1, कारण 'हंगामी' म्हणजे आंब्याचाच हंगाम असं मी धरून चालले होते. चूक माणसाची नव्हती, वाक्याची होती. आम्ही ते 'कोणत्याही नाशवंत मालावर शिफ्टमध्ये काम' असं बदललं, बदलाची तारीख तक्त्यावर टाकली आणि ते पाच अर्जही पुन्हा तपासले. वाक्य बदलायला हीच शेवटची वेळ. अर्धे अर्ज झाल्यावर बदल केलात तर सगळे पहिल्यापासून तपासावे लागतील.

दोन अर्ज जवळून

अर्ज 12. इंग्रजी स्वच्छ, मांडणी देखणी. फूड टेक्नॉलॉजीची पदवी. 'आंबा उत्पादनांच्या टिकाऊपणाचा अभ्यास' हा प्रोजेक्ट, त्यात काय मोजलं ते नाही. 'एचएसीसीपीचं ज्ञान', म्हणजे अन्नात धोका कुठे शिरू शकतो ते ओळखून रोखण्याच्या पद्धतीचं. चार प्रश्नांना उत्तर नाही. पहिल्या निकषात आम्ही दोघांनीही 1 दिला, दुसऱ्यात 1, तिसऱ्यात 0. चौथ्यात काकांनी 1 दिला, मी 0. एकूण साडेतीन.

अर्ज 31. बायोडेटा एकच पान, त्यात जन्मतारीख आणि 'छंद – वाचन' यांनीच निम्मं पान व्यापलेलं. बीएस्सी रसायनशास्त्र. पण प्रश्नांची उत्तरं वाचण्यासारखी होती. 'आंबा कॅनिंगमध्ये 2 हंगाम. रोज 30–40 नमुने, ब्रिक्स आणि आम्लता. आम्लता कॉस्टिकने टायट्रेशन करून. मीटर सकाळी 4 आणि 7 च्या बफरला लावायचा, दुपारी परत बघायचा.' बिघाडाच्या प्रश्नाला उत्तर असं : 'एका बॅचचे डबे चार दिवसांनी फुगले. शिवण कापून बघितली तर हुक नीट बसले नव्हते. मशीनवाल्याला सांगून रोलर सेट करून घेतला.'

पहिल्या निकषात दोघांचेही 3, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3. चौथ्यात काकांनी 3 दिले आणि मी 1. दोनचा फरक आला की बोलायचं, असा आमचा नियम. काका म्हणाले, "रोलर सेट केला म्हणजे नंतर शिवण बघितली असणारच की." मी म्हटलं, "काका, ओळ दाखवा." ओळ नव्हती. काकांनी चाळीस वर्षांच्या अनुभवाने ती स्वतःच वाचली होती. मग त्यांनी माझा 1 उलटा तपासला, "आणि तू हे नुसता उल्लेख म्हणून कसं धरतेस? शिवण कापून बघितली असं लिहिलंय की." बरोबर होतं, फुगलेल्या डब्याची शिवण कापून बघणं हे मला फार मोठं काम वाटलं नव्हतं, कारण मी ते कधी केलेलं नाही. 2 वर एकमत झालं. एकूण 13.

अर्ज 27 पण सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मोठ्या कॉलेजची मुलं पाडायलाच ही पद्धत आहे. त्याने इंटर्नशिपमध्ये तीन महिने लाइनवर उभं राहून काम केलं होतं, कोणता मीटर, किती नमुने, कोणत्या नोंदी, सगळं लिहिलं होतं. गुण 12. यादी उघडली तेव्हा कळलं की तो आमच्या त्या जुन्या मुलाच्याच संस्थेतला. आणि तालुक्याच्या कॉलेजांतल्या बऱ्याच अर्जांना पाचच्या आत गुण होते.

शीट आणि रेषा

गुण शीटमध्ये भरताना A रकान्यात अर्ज क्रमांक, B ते E माझे चार गुण, F ते I काकांचे. J मध्ये एकूण आणि K मध्ये फरकाची खूण :

```
J2:  =2*AVERAGE(B2,F2)+AVERAGE(C2,G2)+AVERAGE(D2,H2)+AVERAGE(E2,I2)
K2:  =IF(MAX(ABS(B2-F2),ABS(C2-G2),ABS(D2-H2),ABS(E2-I2))>=2,"चर्चा","")
```

एकचा फरक असेल तर सरासरी घ्यायची, वाद घालायचा नाही. दोनचा असेल तर ओळ दाखवून बोलायचं आणि ठरलेला गुण दोघांच्याही रकान्यात भरायचा. AVERAGE रिकामा रकाना सोडून देतं, म्हणून शून्य असेल तर शून्य लिहाच, रिकामं ठेवलंत तर समोरच्याचाच गुण पूर्ण धरला जातो. पहिल्या वर्षी हा घोळ मी केला होता आणि एका मुलाला दीड गुण फुकट मिळाला होता.

आठ जण बोलवायचे हे आधीच लिहिलेलं होतं. आठव्या आणि नवव्याचे गुण सारखे, साडेनऊ. तेव्हा भाऊ म्हणाले, "बघ की दोघांची कॉलेजं, ठरवून टाक." इतकं सगळं झाकून शेवटी नेमक्या याच ठिकाणी झाकण उघडायचं म्हणजे कमाल. मी सहीचा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की बरोबरी झाली तर दोघांनाही बोलवायचं. नऊ जण बोलावले. एक बशी पल्प जास्त लागला, एवढंच.

रेषेच्या आसपासच्या गुणांना फार मानू नका. साडेनऊ आणि नऊ यांत खरा फरक असेलच असं नाही, 13 आणि साडेतीन यांत मात्र आहे. गुणांवरून कुणाला घ्यायचं ते ठरवायचं नाही, फक्त कुणाला बोलवायचं तेवढंच ठरवायचं. लिहिलेलं खरं आहे का हे प्रात्यक्षिकात कळतं : टेबलावर पल्प, रिफ्रॅक्टोमीटर, पीएच मीटर, बफरच्या बाटल्या आणि वीस मिनिटं. बाटल्या मुद्दाम जरा लांब ठेवायच्या आणि कोण आपणहून मागतो ते बघायचं. नऊपैकी दोघांनी मागितल्याच नाहीत. त्यातल्या एकाला आम्ही पहिल्या निकषात 3 दिले होते.

मग झाकण काढा

यादी पक्की झाल्यावरच ताईंकडून नावं घ्यायची. मग शीटमध्ये संस्थेचा रकाना भरून एकदा वरून खाली बघायचं. एखाद्या तपासणाऱ्याचे गुण ठरावीक संस्थांच्या मुलांना दुसऱ्यापेक्षा सतत अर्ध्या-एकाने जास्त दिसले, तर झाकताना काहीतरी निसटलं आहे किंवा तक्त्यातलं एखादं वाक्य त्या संस्थेच्या भाषेत लिहिलं गेलं आहे. आमच्याकडे दुसऱ्या निकषात ते दिसलं. 3 च्या पायरीत मी 'एचएसीसीपी दस्तऐवजीकरण' असं लिहिलं होतं. लहान कारखान्यातली मुलं तेच काम करतात, पण त्याला 'बॅचची वही' म्हणतात, त्यामुळे त्यांचा एकेक गुण जात होता. मलाच तो शब्द जास्त भारदस्त वाटला होता. यादी आधीच कळवून झाली होती, त्यामुळे या वेळच्या गुणांना हात लावला नाही. यंदाच्या तक्त्यात तिथे 'प्रत्येक बॅचची नोंद स्वतः लिहिली आहे, मग तिला काहीही नाव असो' असं आहे.

न बोलावलेल्यांपैकी कुणी फोन करून विचारलं तर तक्ता हाताशी असल्यामुळे खरं उत्तर देता येतं. अर्ज 12 वाल्या मुलाचा फोन आला होता, जरा रागातच. मी सांगितलं, "तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय काय मोजलं ते अर्जात कुठे दिसलं नाही, आणि आम्ही पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरंही आली नाहीत." तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मोजलं होतं मॅडम, ब्रिक्स पण, पीएच पण. मला वाटलं कॉलेजचं नाव बघून कळेलच."